बुटीकचं नाव सुचत नाही, या कथेत घडवायचं काय?

प्रश्न: आर्वीजवळच्या खेड्यातली तेवीस वर्षांची प्रणाली पहिलं बुटीक काढते आणि कित्येक आठवडे तिला नावच सुचत नाही, अशी कथा लिहिली आहे. चौदा नावं सुचतात, चौदा नाकारली जातात. एक तर सरकारी कार्यालय ‘हे नाव आधीच घेतलेलं आहे’ म्हणून परत पाठवतं. शेवटी ती आजीचं नाव देते, गिरजा. वाचणारे म्हणतात, छान आहे, पण काही घडत नाही. नाव न सुचणं हा कथेचा विषय होऊ शकतो का? माझं कुठे चुकतंय?

उत्तर:

विषय होऊ शकतो. त्यासाठी लागणारा माल तुमच्या खर्ड्यातच आहे, तो नावांच्या यादीखाली दबून गेलाय. दिवाळी अंकांसाठी आलेल्या कथा वाचायचं आणि दुरुस्त करून घ्यायचं काम मी बरीच वर्षं करते. अशा कथेवर मी आधी एकच तपासणी लावते: नाकारलेल्या नावांचा क्रम उलटा करून पाहायचा. तुमच्या कथेत सातवं नाव दुसऱ्या जागी आणि तिसरं अकराव्या जागी नेलं तरी काहीच बिघडत नाही. एका नावाच्या नकारानं पुढच्या नावाची वाट बदलत नसेल, तर ती घटना होत नाही. ती नुसती यादी राहते.

चौदा नावं सुचलेल्या मुलीला नाव सुचत नाही असं कसं म्हणणार? तिला ठरवता येत नाहीये. का ठरवता येत नाही, ते तुम्ही एका ओळीत लिहून पुढे निघून गेलात. तिसऱ्या पानावर वडील म्हणतात, ‘तुयं नाव दिलं अन् उद्या तू सासरी गेली, मंग त्या पाटीचं मी काय करू?’ कथा या वाक्यात आहे. रस्त्याकडची खोली वडिलांची, शिलाई शिकलेली ती, दुसऱ्या मशीनवर बसणारी वहिनी आणि घरात स्थळं येतायत. या दुकानाला कुठलंही नाव दिलं तरी हे दुकान कोणाचं, याचं उत्तर त्यात येतंच. म्हणून ती अडकलीय. वाचकाला हे तिच्याआधी अर्धं पाऊल कळलं पाहिजे.

आता आठवड्यांचं बघू. ‘असे कित्येक आठवडे गेले’ हे तुम्ही तीनदा लिहिलंय. विदर्भातल्या खेड्यात आठवडे नुसते जात नाहीत, त्यांना नावं असतात. कथा पोळ्याला सुरू करा आणि दसऱ्याला संपवा. मध्ये अधिक महिना आला नाही तर तिथीनं हे बरोबर चाळीस दिवस होतात. पोळ्याच्या सुमारास शेतकऱ्याच्या घरात पैसा नसतो, पीक उभं असतं, म्हणून वडील खर्चाच्या प्रत्येक गोष्टीला ‘दसऱ्यापर्यंत थांब’ म्हणणार. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, वहिनीची लेक ओवी लाकडी बैल घेऊन घरोघरी जाणार. मग गणपती, त्यात महालक्ष्म्या, घरात पाहुणे आणि मोठं जेवण. त्यानंतर पंधरा दिवस पितृपक्ष. हा पंधरवडा तुमच्या कथेसाठी फार कामाचा आहे. त्या काळात नवं काम सुरू करायचं नाही, नाव ठेवायचं नाही, पाटी लावायची नाही, असं घरातला प्रत्येकजण सांगेल आणि तिलाही ते बरंच वाटेल. नाव न ठरवण्याला तिला घराची परवानगी मिळते. मात्र घटस्थापनेला सूट संपते. नवरात्रात नऊ दिवसांच्या नऊ रंगांचे ब्लाऊज शिवायला बायका रांग लावतात, सोयाबीन निघू लागलेलं असतं, हातात थोडा पैसा येतो. तिचा धंदा नाव नसतानाच सुरू होऊन जातो, आणि आता न ठरवणं महाग पडायला लागतं.

एवढं कॅलेंडर ठेवलंत की ‘कित्येक आठवडे’ हे शब्द कथेत एकदाही लिहावे लागणार नाहीत.

दुसरी दुरुस्ती वस्तुस्थितीची आहे, पण तिच्यातूनच कथानक निघतं. सरकारी कार्यालय नाव नाकारतं तो प्रसंग काढून टाका. कंपनी स्थापन करताना नाव राखून घ्यावं लागतं, तिथे सारखं नाव नाकारतात. प्रणालीचं दुकान एकटीच्या मालकीचं आहे. अशा दुकानाचं नाव आधी कोणी घेतलंय का, हे छोट्या धंद्यांच्या सरकारी उद्यम नोंदणीत बघत नाहीत. शॉप ॲक्टखाली छोट्या दुकानानं दुकान सुरू झाल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची असते, तिथेही कोणी अडवत नाही. पुलगावला त्याच नावाचं दुसरं बुटीक असलं तरी हिला कोणी हटकणार नाही. त्या दुसरीनं ट्रेडमार्क घेतलेला असेल तर गोष्ट वेगळी, पण ती तुमच्या कथेत आणू नका.

खरी अडचण बँकेत येते. दुकानाच्या नावानं चालू खातं उघडायचं तर बँक त्या नावाचे पुरावे मागते, साधारणपणे दोन. उद्यमचं प्रमाणपत्र आणि शॉप ॲक्टची पावती हे त्यातले नेहमीचे. मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज, म्हणजे ५० हजारांपर्यंतचं, त्याला तारण लागत नाही, पण कागदपत्रं लागतात आणि सहसा बँकेचा माणूस दुकान बघायला येतो. म्हणजे नाव ठरलं नाही तर प्रमाणपत्र नाही, खातं नाही, कर्ज नाही आणि ओव्हरलॉकचं मशीन नाही. तुमच्या कथेत ती नाव ‘मनासारखं मिळावं’ म्हणून थांबलीय. तिला मशीन हवंय म्हणून घाई करावी लागू द्या.

उद्यमची नोंदणी फुकट असते आणि आधारवर होते. आधारला जो मोबाईल जोडलेला असेल त्यावर ओटीपी येतो. आता सांगा, प्रणालीच्या आधारला कोणाचा नंबर असेल? ती शाळेत असताना घरात मोबाईल भावाकडेच होता, तोच दिलेला असणार. म्हणजे सेवा केंद्रात ती खुर्चीवर बसलीय आणि ओटीपी भावाकडून फोनवर विचारून घेतेय. भाऊ विचारणार, ‘काय भरून रायली तू?’ तिकडे केंद्रातला पोरगा म्हणणार, ‘ताई, दुकानाचं नाव सांगा लवकर, मांगं लाईन हाये.’ ती घाबरून काहीतरी सांगते आणि तो टाइप करतो, ‘प्रणाली लेडीज टेलर्स’. हे तिच्या चौदा नावांतलं एकही नाही. नंतर बदलू, म्हणते ती. बदलता येतंही, पण तोवर हेच नाव शॉप ॲक्टच्या सूचनेत जातं, तिथून बँकेच्या अर्जात जातं. तात्पुरतं म्हणून दिलेलं नाव पक्कं होत चाललंय हे वाचकाला दिसतं, तिला अजून दिसत नाही.

आता नावं. चौदातली तीन ठेवा. प्रत्येक नाव एका माणसाचं असू द्या आणि ते नाकारणंही कोणाला तरी लागू द्या. वडिलांना देवाचं नाव हवंय, कारण देवाच्या नावाचं दुकान पोरगी गेल्यावरही चालतं. मैत्रिणीला इंग्रजी नाव हवंय, ती नागपूरला राहते, गांधीबागेतून कापड आणताना प्रणाली तिच्याकडे थांबते. इथे पाटी रंगवणाऱ्याच्या तोंडी एक खरी गोष्ट येऊ शकते: २०२२ पासून छोट्या दुकानांनाही पाटीवर मराठी देवनागरीतलं नाव लागतं, आणि त्याची अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. लांबलचक इंग्रजी नाव देवनागरीत तेवढंच मोठं काढायचं तर आठ फुटी फ्लेक्सवर ‘बुटीक’ला जागा उरत नाही. एवढ्यावर ते नाव सोडून द्या. आणि ‘शृंगार’ वगैरे घेऊ नका. पेंटर ते ‘श्रृंगार’ असंच काढेल, आणि तुम्हाला त्यावर एक परिच्छेद लिहायचा मोह होईल.

तिसरं नाव वहिनीचं. कथेतला सगळ्यात मोठा प्रसंग मी इथे लिहीन, कारण वहिनी दुष्ट नाही आणि तिची मागणीही वाईट नाही. तुमच्या खर्ड्यात ती फक्त चहा आणते. मी तो प्रसंग साधारण असा लिहिला असता:

> दुपारी लाईट गेली तशी मोटरची मशीन थांबली. वहिनी खाली बसून साडीला फॉल लावत होती. ओवी कतरनांच्या ढिगातून लाल लाल तुकडे वेगळे काढत होती. प्रणाली मापाची वही घेऊन दाराशी उजेडात आली. चौकातल्या मॅडमचा ब्लाऊज, उंची साडेचौदा, छाती छत्तीस, मागचा गळा खोल.
>
> ‘एक सांगू का वं,’ वहिनी सुईतून नजर न काढता म्हणाली, ‘ओवीचं नाव देऊन पाय ना. ओवी कलेक्शन. बोलाले बी सोपं.’
>
> ‘हं.’
>
> ‘तुया लग्नानंतर मीच बसीन ना इथं. घरातलंच नाव राहीन मंग.’
>
> ओवीनं आपलं नाव ऐकून वर पाहिलं आणि परत कतरनांत हात घातला. प्रणालीनं बाहीचं माप लिहिलं, दंडाचं लिहिलं. मग वहीच्या वरच्या कोपऱ्यात, गिऱ्हाइकाचं नाव लिहितात तिथे, तिला ‘ओवी’ असं लिहिलेलं दिसलं. अक्षर तिचंच होतं. तिनं ते खोडलं आणि मॅडमचं नाव लिहिलं.
>
> ‘पाहू,’ ती म्हणाली.

इथे भांडण नाही, मोठं वाक्य नाही. ‘मीच बसीन ना इथं’ हे वहिनी सहज बोलून जाते, कारण तिच्या डोक्यात ते ठरलेलं आहे. घरातल्या प्रत्येकाच्याच डोक्यात ठरलेलं आहे. वाचकाला या वाक्यावर बसलेला धक्का प्रणालीनं बोलून दाखवायचा नाही. वहीतल्या चुकीनं ते काम केलंय. तुमच्या खर्ड्यात अशा जागी ‘तिच्या मनात विचारांचं काहूर माजलं’ असं येतं, ते सगळीकडून काढा.

वऱ्हाडीबद्दल एक सूचना, मध्येच आलीच आहे तर. संवादांत ती असू द्या, निवेदनात नको. आणि संवादांतही सगळे सारखे बोलत नाहीत. बारावी झालेली, नागपूरला ये-जा करणारी मुलगी बँकेच्या माणसाशी वेगळं बोलते आणि वहिनीशी वेगळं. तुम्ही सगळ्यांच्या तोंडी एकाच मापानं ‘मले-तुले’ टाकलंय. त्यामुळे माणसं वेगळी वाटत नाहीत.

पुढचा टप्पा नवरात्राचा. नवरात्राच्या चौथ्या दिवशी ती शेवटी ‘ओवी कलेक्शन’चा फ्लेक्स लावते. घरात सगळे खूश. तिलाही हलकं वाटू द्या, खरोखरच हलकं. घरच्यांचं मन राखल्यावर वाटतं ते हलकेपण खोटं नसतं, आणि तुम्ही ते खोटं दाखवलंत तर कथा भाषणाकडे झुकेल. गिऱ्हाईक वाढतं. पैसे क्यूआरवर घ्यायचे म्हणून भाऊ आपल्या खात्याचा क्यूआर छापून आणतो आणि काउंटरला चिकटवतो. मग एक बाई पैसे भरताना फोन पुढे करून विचारते, ‘हे नाव बरोबर हाये का?’ स्क्रीनवर भावाचं नाव आहे. प्रणाली म्हणते, ‘हो, भरा.’ हा प्रसंग चार ओळींचा ठेवा. तुमच्या खर्ड्यात पैसे कुठे जातात याचा उल्लेखच नाही, आणि शिलाईच्या दुकानावरच्या कथेत तो नसणं मला खटकलं. ब्लाऊज कितीला शिवते, अस्तराचे किती लावते, हेही एकदा येऊ द्या. तुमच्या गावातला भाव विचारून लिहा, पुण्यातला नको.

आता तिच्याकडे दोन नावं झाली. कागदावर ‘प्रणाली लेडीज टेलर्स’, पाटीवर ‘ओवी कलेक्शन’. आणि अष्टमीच्या आसपास बँकेचा माणूस दुकान बघायला येतो. तो काही खलनायक नाही. त्याला अर्जावरचं दुकान आणि समोरचं दुकान एकच आहे एवढं बघायचंय. तो अर्ज बघतो, पाटी बघतो आणि विचारतो, ‘हे दुकान कोणाचं?’ त्या वेळी दुकानात वहिनी आहे, दोन गिऱ्हाइकं आहेत आणि भाऊ नुकताच दाराशी आलाय.

कथा इथपर्यंत आणायची. या प्रश्नाचं उत्तर कोण देतं यावर तिचा शेवट ठरेल. वहिनी ‘हिचंच हाये सायेब’ म्हणाली तर कथा गोड होईल आणि वहिनीची सगळी गुंतागुंत वाया जाईल. प्रणालीनं ताडकन ‘माझं’ म्हटलं तर वाचक टाळी वाजवेल, पण मागची पानं विसरेल, कारण पाटी तिनंच लावलीय. मला वाटतं, आधी भावानं बोलावं, सवयीनं: ‘आपलंच हाये सायेब, घरचंच.’ बँकेच्या माणसाला ‘घरचं’ लिहायला रकाना नसतो. तो पुन्हा तिच्याकडे बघून विचारतो. आता ती सांगते, ‘अर्ज माझा आहे. मशीन माझ्या नावावर घ्यायचंय. पाटी बदलते.’ तीनच छोटी वाक्यं, आणि तिसरं वाक्य वहिनीसमोर बोललेलं. पाटी बदलणं म्हणजे ओवीचं नाव काढणं, आणि ते नाव आता चार दिवस वर लागलेलं आहे, पोरीनं मैत्रिणींना आणून दाखवलंय. या निर्णयाची किंमत आहे आणि ती एका लहान मुलीला द्यावी लागतेय. म्हणून तो निर्णय वाटतो.

आजीच्या नावानं नेमकं हेच होत नव्हतं. गिरजा हे नाव सुंदर आहे, घरात कोणाचा विरोध नाही, आजी वारलेली आहे, तिला काही मागायचं नाही. सगळ्यांना पटणारं नाव शेवटी मिळालं म्हणजे आधीची ओढाताण नुसती गैरसोय होती असं ठरतं. आजीला कथेत ठेवायचंच असेल तर तिची जुनी हातमशीन ठेवा, वीज गेली की तीच चालते. पितृपक्षात लाईट गेल्यावर प्रणाली त्या मशीनवर बसून काम करतेय, एवढं एका परिच्छेदात येऊन जाऊ द्या. तिच्यावरून नाव सुचायला नको.

नवी पाटी कोणत्या नावाची, हे सांगायचं का? मी सांगेन, पण सरळ. ‘प्रणाली लेडीज टेलर्स’, जे घाईत टाइप झालं तेच. तिला स्वतःला ते फारसं आवडत नाही. ‘बुटीक’ हा शब्दही त्यात नाही, ज्यासाठी तिनं एवढे दिवस कागद काळे केले. पण प्रमाणपत्रावर ते आहे, अर्जावर आहे आणि दसऱ्याआधी खातं उघडायचंय. पेंटरला ती विचारते की जुन्या फ्लेक्सच्या फ्रेमवरच नवा ताणता येईल का, म्हणजे फ्रेमचे पैसे वाचतील. तो हो म्हणतो आणि जुना फ्लेक्स हवाय का विचारतो. तिथे ओवी उभी असेल तर ती काय म्हणेल, हे तुम्ही लिहा. ती तुमची पात्रं आहेत, मला त्या पोरीचा स्वभाव तुमच्या खर्ड्यातून पुरेसा कळलेला नाही. फक्त तिला शहाणी करू नका. पाच वर्षांची पोर रडेल, किंवा फ्लेक्सची बाहुलीसाठी झोपडी करीन म्हणेल.

लांबीबद्दल: तुमचा खर्डा साडेतीन हजार शब्दांचा आहे, त्यातले पहिले नऊशे प्रणालीच्या शिवणक्लासचे. ते दोनशेवर आणा. पोळ्याच्या दिवशी वडील बैल धुवून आणतायत आणि ती त्यांच्या खोलीतली पोती हलवून मशीनला जागा करतेय, इथून सुरुवात केली तर शिकणं, खोली, पैसा आणि बाप, चौघंही पहिल्या पानावर येतात. स्थळाचे पाहुणे महालक्ष्मीच्या जेवणात आणा, वेगळा कांदेपोह्यांचा प्रसंग नको. पाहुण्यांपैकी एखादी बाई ‘शिलाई येते, बरं हाये, घरी बसून करता येईन’ एवढं म्हणून वाढलेल्या आंबिलीकडे वळली की पुरे. सुधारलेला खर्डा आधी वहिनीच्या बाजूनं एकदा वाचून बघा. तिचा एकही संवाद मूर्खपणाचा किंवा कपटाचा वाटला, तर तेवढा भाग पुन्हा लिहा, मग मला पाठवा.